बेंच ६० किलोवर अडकलाय, वजन ‘वाढतंय’, मग दोष डाएटचाच का?

या भागाचं हे लेखी रूप. ऑडिओत मी मध्येच भरकटलो होतो, ते बरंचसं काढलंय. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवलेत.

विषय माझ्या मावसभावाचा आहे. त्याला विचारूनच सांगतोय. वय २३, पुण्यात आयटीत नोकरी, तीन मित्रांबरोबर फ्लॅट, दुपार-रात्रीचा मेसचा डबा. अंडी खातो, मांसाहार नाही. डिसेंबरमध्ये त्याने बल्क सुरू केला, म्हणजे जरा जास्त खाऊन स्नायू वाढवायचे आणि वजनं उचलत जायची. महिनाभर सगळं झकास. बेंच प्रेस ५० वरून ६० किलोवर गेला. आणि मग थांबला. पाच आठवडे तेच ६० किलो, तेच पहिल्या सेटला ५ रेप, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ३. शेवटच्या आठवड्यात तर ४, ३, ३.

मला फोन आला तो मावशीचा. ‘‘अरे, हा म्हणतो आपल्या घरच्या जेवणात काही दमच नाही. आता चिकन खाणार म्हणतो, नाहीतर आठ हजाराचा डबा आणणार. तू जरा बोल त्याच्याशी.’’ मी बोललो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी मावशीला माहीत नव्हती. जिममधल्या एकाने त्याला ‘छोटा कोर्स’ सुचवला होता. इंजेक्शनचा. ‘‘दादा, फक्त सहा आठवड्यांचा आहे,’’ असं तो मला इतक्या सहज म्हणाला की मी दोन सेकंद गप्पच झालो. म्हटलं, रविवारी वही घेऊन ये, ऍप उघड, आणि तोपर्यंत काहीही विकत घेऊ नकोस.

आधी वहीच बघितली. कारण ताकद खरंच अडकलीय का, हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. दोन आठवडे रेप वाढले नाहीत तर त्याला मी अडकणं म्हणत नाही. एखादा आठवडा झोप झाली नाही, एखादा आठवडा सर्दी, एवढ्याने आकडा हलतो. पण त्याच व्यायामात, त्याच पद्धतीने, तीन-चार आठवडे एकही रेप वाढत नसेल तर ते खरं. याच्या वहीत पाच आठवडे होते, आणि स्क्वॉटही ८० किलोला ५, ५, ५ वरून ५, ४, ४ वर घसरला होता.

हा दुसरा भाग महत्त्वाचा. फक्त एकच व्यायाम अडकला असेल आणि बाकी सगळे वाढत असतील, तर जेवणाकडे बोट दाखवू नका. जेवण काय फक्त छातीला कमी पडतं का? तिथे दोष बहुतेक वेळा त्या व्यायामाच्या तंत्रात असतो, नाहीतर उडीत. आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की सरळ ५ किलोची उडी. १०० किलोच्या स्क्वॉटला ५ किलो म्हणजे ५ टक्के, पण ६० च्या बेंचला ते ८ टक्क्यांहून जास्त होतात. एवढी उडी अंगावर घेणं नवख्यालाही जड जातं. पण याचं तसं नव्हतं. वरचं शरीर आणि खालचं शरीर दोन्ही एकदम थांबले होते, म्हणजे कारण दोघांना समान असणार.

आणि वही वाचताना आणखी एक गंमत सापडली. ‘‘हा पाचवा रेप तू स्वतः मारलास?’’ असं विचारल्यावर तो हसला. मित्र डोक्यामागे उभा राहून ‘अजून एक, अजून एक’ म्हणत बार ओढत होता. म्हणजे वहीतले शेवटचे एक-दोन रेप अर्धे मित्राचे! मी सांगितलं, आजपासून मित्राने बारला बोट लावलं की तो रेप मोजायचा नाही.

वजन ‘वाढतंय’ म्हणजे कुठे वाढतंय?

मी विचारलं, कॅलरी पुरतायत का? तो ठामपणे म्हणाला, ‘‘हो, ऍपमध्ये रोज ३०००. आणि वजनही वाढलंय, ६५.५ आहे.’’ तीन हजार खाऊन वजन वाढतंय, तर कॅलरीचा प्रश्न मिटला, नाही का?

नाही. कारण ६५.५ हा आकडा जिममधल्या काट्यावरचा होता. नाश्ता करून, बूट घालून, खिशात फोन असताना. आणि सुरुवातीचं वजन मात्र घरच्या काट्यावर, सकाळी उपाशीपोटी घेतलेलं. दोन वेगळे काटे, दोन वेगळ्या वेळा. यातून कितीही वजन वाढलेलं दाखवता येतं.

मग सात दिवस नीट मोजलं. सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, एकाच काट्यावर. रोजचा आकडा खाली-वर उड्या मारतो, कारण पाणी, मीठ, पोटातलं अन्न. आदल्या रात्री चायनीज खाल्लं तर सकाळी पाऊण किलो जास्त दिसतं, ते काही स्नायू नसतात. म्हणून एका दिवसाकडे बघायचंच नाही, सात दिवसांची सरासरी काढायची. त्याची आली ६४.२.

आता जुन्या नोंदी. डिसेंबरच्या सुरुवातीला ६२.६. जानेवारीच्या सुरुवातीला, घरच्याच काट्यावर, ६४. आणि आत्ता फेब्रुवारीत ६४.२. बघा, पहिल्या महिन्यात वजन वाढलं आणि बेंचही वाढला. पुढच्या महिन्यात वजन थांबलं आणि बेंचही थांबला. बल्क जानेवारीतच संपला होता, पण याला पत्ता नव्हता.

बल्कमध्ये साधारण किती वाढायला हवं? मी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का धरतो. ६४ किलोच्या माणसाला ते होतं १६० ते ३२० ग्रॅम. अगदी नवखा असेल तर वरच्या टोकाला, तीन-चार वर्षं नीट व्यायाम झालेला असेल तर खालच्या टोकाला किंवा त्याहून कमी. यापेक्षा वेगाने वाढलं की वाढीव भाग बहुतेक चरबीचा. आणि क्रिएटिन नुकतं सुरू केलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत वाढलेला अर्धा-एक किलो पाण्याचा असू शकतो, तो बल्कच्या खात्यात धरू नका.

वजन चार आठवडे स्थिर आहे याचा अर्थ सरळ आहे: तो जेवढं खातोय तेवढंच खर्च होतंय. ऍप ३००० म्हणो की ५०००. काटा आणि ऍप यांच्यात भांडण झालं तर मी काट्याचं ऐकतो.

मग ऍपमधले ३००० आले कुठून? हे शोधायला आम्ही चारशे रुपयांचा स्वयंपाकाचा वजनकाटा आणला आणि चार दिवस डबा उघडून मोजला. फ्लॅटमधल्या मुलांनी भरपूर चेष्टा केली. दोन चुका सापडल्या. एक, तो प्रत्येक वाटी वरणाला ‘तूर डाळ, १०० ग्रॅम’ नोंदवत होता. ऍपमधली ती नोंद कच्च्या डाळीची. कच्ची तूरडाळ १०० ग्रॅम म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. पण मेसच्या १०० ग्रॅम वरणात डाळ जेमतेम २० ग्रॅम, बाकी पाणी (मेसचं वरण ज्यांनी खाल्लंय त्यांना मी काय सांगणार). दिवसाला दोन वाट्या, म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी फक्त कागदावर. दोन, उलट दिशेची चूक: तीन कप गोड चहा कुठेच नोंदवलेला नव्हता, ते साधारण २३०-२४०. बेरीज-वजाबाकी करून कामाच्या दिवसाचा खरा आकडा निघाला २७०० च्या आसपास.

पण २७०० वर तर डिसेंबरमध्ये तो वाढत होता. मग आता का नाही? ‘‘शनिवार-रविवारचं दाखव,’’ म्हटलं. ऍप कोरं. ‘‘सुट्टीच्या दिवशी कोण लिहितं दादा.’’ आठवून लिहायला लावलं. शनिवारी-रविवारी तो दुपारी बारापर्यंत झोपायचा, नाश्ता नाही, दूध-केळं नाही, फक्त दोन जेवणं आणि एखादा वडापाव. साधारण १८५०. आता गणित करा. पाच दिवस २७०० म्हणजे १३,५००. दोन दिवस १८५० म्हणजे ३,७००. एकूण १७,२००, भागिले सात, सुमारे २४५०. शरीर आठवड्याची सुट्टी घेत नाही, ते सातही दिवसांचा हिशोब धरतं.

प्रोटीन: ११० की ७४?

वरणाची ती एकच चूक इथे जास्त महागात पडली. ऍप सांगत होतं दिवसाला ११० ग्रॅम प्रोटीन. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं, दोन वाट्यांचे झाले ४४. खऱ्या दोन वाट्यांत होते आठेक. ३६ ग्रॅम हवेत.

त्याचा दिवस आम्ही पुन्हा मांडला. पोहे आणि दोन उकडलेली अंडी, १८ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भात, वरण, भाजी मिळून २०. रात्री तेच, आणखी २०. संध्याकाळी एक ग्लास दूध आणि केळं, ९. मूठभर शेंगदाणे, ७. चहातलं दूध सोडून द्या. झाले ७४. म्हणजे वजनाच्या किलोमागे १.१ ते १.२ ग्रॅम.

हे कमी आहे का? आयसीएमआर-एनआयएनची सर्वसाधारण प्रौढांसाठीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, त्या हिशोबाने तो आरामात पास. पण ती शिफारस निरोगी राहण्यासाठीची आहे, वजनं उचलून स्नायू वाढवण्यासाठीची नाही. त्यासाठीचा जास्त वापरला जाणारा आकडा १.६ चा. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात साधारण १.६ च्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंत सरासरी फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही. माणसागणिक फरक पडतो, त्यामुळे ही रेघ दगडावर कोरलेली नाही. पण ६४ किलोला १०० ग्रॅमच्या आसपास, हे ध्येय शहाणपणाचं आहे. २०० ग्रॅमची गरज नाही. (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.)

इथे मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर बरेच मेसेज येतात. १.१ ऐवजी १.६ केल्याने पुढच्या आठवड्यात बेंच उडी मारत नाही. प्रोटीनचा परिणाम महिन्यांत दिसतो, आणि तोही माफक. पाच आठवड्यांत ताकद पार गोठली, वर घसरायला लागली, याचं एकटं कारण प्रोटीन असेल असं मला वाटत नव्हतं. म्हणून तिसरी तपासणी.

जानेवारीत नेमकं काय बदललं?

हा प्रश्न खरं तर मी पहिलाच विचारायला हवा होता. कारण डिसेंबरमध्ये तोच डबा, तेच पातळ वरण खाऊन तो वाढतच होता ना!

जानेवारीत त्याची शिफ्ट बदलली होती. दुपारी दीड ते रात्री साडेदहा, त्यानंतर परदेशातल्या टीमबरोबर कॉल. झोपायला दीड वाजायचा. पण जिमचा मित्र सकाळचा, म्हणून पावणेसातला गजर. झोप सव्वापाच तास. आठवडाभराची ही उधारी शनिवारी-रविवारी बारापर्यंत झोपून फेडायची, आणि त्यातच नाश्ता बुडायचा. म्हणजे शनिवार-रविवारच्या कॅलरी गेल्या त्याही झोपेमुळेच. मला हे कळलं तेव्हा जरा हसूच आलं. आम्ही दोघं चार दिवस डाळ मोजत होतो आणि चोर गजराच्या घड्याळात बसला होता.

त्यात भर म्हणजे बेंच अडकल्यावर त्याने काय केलं? छातीचा तिसरा दिवस वाढवला. प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत, मित्राच्या मदतीने त्याही पुढे. शिवाय बुधवारी रात्री टर्फवर फुटबॉल. थकव्यामुळे अडकलेल्या माणसाने आणखी थकवा घेतला. ही चूक मी स्वतः दोन वर्षं केलेली आहे, त्यामुळे त्याला ओरडायचा मला नैतिक अधिकार नव्हता.

थकवा आहे हे ओळखायचं कसं? काही खुणा आहेत. वॉर्म-अपची हलकी वजनंही जड लागतात. एक नाही, सगळे व्यायाम एकदम घसरतात. जिमला जायचा कंटाळा येतो, सांधे कुरकुरतात. पण या सगळ्यांपेक्षा चांगली चाचणी म्हणजे एक हलका आठवडा, ज्याला जिमवाले डिलोड म्हणतात. सेट निम्मे करायचे आणि वजन १० टक्क्यांच्या आसपास कमी. त्याच्यासाठी बेंच ५५ किलो, पाच रेपचे फक्त दोन सेट, मित्राला हात लावायला बंदी. शनिवारचा छातीचा दिवस रद्द, त्या बुधवारी फुटबॉलही नाही. आठवडाभर जेवणात मात्र मुद्दाम काहीच बदललं नाही. जेवण तेच ठेवून ताकद परत आली, तर निदान त्या घसरणीचा दोष जेवणाचा नव्हता हे समोर दिसतं.

आणि झोप. शिफ्ट बदलता येत नव्हती, पण जिमची वेळ बदलता येत होती. पावणेसातचा गजर बंद. पावणेनऊला उठायचं, पोहे-अंडी खायची, साडेदहाला जिम. मित्र नाराज झाला, पण त्या वेळेला जिम रिकामी असते, बेंचसाठी रांग नाही. झोप झाली सात तास.

हलक्या आठवड्यानंतर पहिल्या दिवशी ६० किलो: ६, ५, ५. सगळे रेप स्वतःचे. डबा तोच, वरण तेच.

मग कुठे आम्ही जेवणाला हात लावला, आणि तोही थोडाच. शनिवारी-रविवारी उठल्यावर दोन पोळ्या, दोन अंडी आणि ग्लासभर दूध, म्हणजे ५०० च्या आसपास कॅलरी. सातही दिवसांवर पसरवलं तर रोज १४० च्या आसपास. आणि रोज ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्या, भिजवून, पिळून, डब्यातल्याच भाजीत. यातून सुमारे २६ ग्रॅम प्रोटीन आणि १७० कॅलरी. प्रोटीन ७४ चं झालं १००. कॅलरी रोज सरासरी ३०० ने वर. सोयाच्या वड्यांचा खर्च दिवसाला जेमतेम पाच-दहा रुपये, आठ हजाराचा डबा दुकानातच राहिला. चिकन खायचं की नाही हा त्याचा आणि मावशीचा प्रश्न, मी त्यात पडलो नाही. एवढंच सांगितलं की ताकदीसाठी ते सक्तीचं नाही.

वजन वाढवायची पद्धतही बदलली. ६० किलोला तिन्ही सेटमध्ये ८-८ रेप स्वच्छ निघेपर्यंत पुढे जायचं नाही, आणि गेलं तर ५ नाही, अडीच किलोच वाढवायचे. त्यासाठी त्याने सव्वा किलोच्या प्लेटची एक जोडी स्वतः विकत घेतली, ती बॅगेत घेऊन फिरतो. दर सेटला एक-दोन रेप हातात शिल्लक ठेवूनच थांबायचं.

पुढच्या चार आठवड्यांच्या वजनाच्या सरासऱ्या: ६४.४, ६४.८, ६५, ६५.३. चार आठवड्यांत साधारण १.१ किलो, म्हणजे आठवड्याला २७५ ग्रॅम, आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ. तीन आठवड्यांनी ६० किलोला ८, ८, ८ झाले. चौथ्या आठवड्यात ६२.५ किलो: ६, ६, ५. डिसेंबरसारखा वेग नाही, आणि तो येणारही नाही. सुरुवातीच्या महिन्यांची वाढ बरीचशी हालचाल शिकण्यातून येते, ती एकदाच मिळते.

हे सगळं करूनही, म्हणजे वजन नीट वाढतंय, प्रोटीन पुरतंय, झोप सात-आठ तास, हलका आठवडाही झाला, तरी ताकद हलली नाही तर? मग व्यायामाचा कार्यक्रमच बदलायची वेळ आली असेल. पण पायऱ्या चढताना दम लागतो, हातापायांना मुंग्या येतात, न खपणारा थकवा आहे, किंवा भरपूर खाऊनही वजन उतरतंय, अशा वेळी जिममधल्या माणसाला विचारू नका, डॉक्टरकडे जा. मांसाहार न करणाऱ्यांत आपल्याकडे बी-१२ ची कमतरता बऱ्याच जणांत निघते, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर कुठलाही बल्क चालत नाही. मावसभावाने दोन्ही तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, बी-१२ थोडं कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.

‘कोर्स’वाल्याचं काय झालं, असं रेकॉर्डिंगनंतर एकाने विचारलं. तो सकाळच्या बॅचचा आहे. आता याची वेळ साडेदहाची, त्यामुळे भेटच होत नाही.

तुमची वही अडकली असेल तर व्यायामाचे शेवटचे चार आठवडे, सकाळच्या वजनाची सरासरी आणि झोपेचे तास, एवढं लिहून पाठवा. जेवणाचा फोटो नको, वरणाचा फोटो बघून मला काही कळत नाही. पुढच्या भागात सव्वा किलोच्या प्लेटवाल्या या पद्धतीबद्दलच बोलू. भेटू!